मोठी पट्टी दाबू नये

संगणक कक्षाची किल्ली यशोदा धुरी यांच्याकडे आली ती त्यांना संगणकातलं काही कळतं म्हणून नव्हे. त्यांचं घर शाळेच्या गडग्याला, दगडी कुंपणाला, लागून आहे, एवढंच कारण. आधीचे संगणक शिक्षक बदली होऊन गेले, नवे आले नाहीत, आणि किल्ली कुणाकडे ठेवायची यावर शिक्षकांच्या बैठकीत चर्चा निघाली तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप बाईंकडे वळल्या. बाई मराठी आणि इतिहास शिकवतात. वय बावन्न. कट्टा गावाहून धामापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही शाळा आहे, आणि तिथे पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला नको म्हणायची सवय राहत नाही.

किल्ली आली ती आली, आणि तिच्या मागोमाग सगळ्याच तक्रारी आल्या. पंखा फिरत नाही, धुरीबाईंना सांगा. प्लगला ठिणगी येते, धुरीबाईंना सांगा. बाई चिडायच्या, कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि मग ते काम करून टाकायच्या. त्यांचे यजमान दत्ताराम काजूची बाग बघतात. माणूस शांत. ते म्हणायचे, "तुका नाय म्हणूक येणा नाय आणि मगे रागावल्याशिवाय ऱ्हवाक येणा नाय. एक कायतरी सोड."

"तुमचा काय जाता सांगूक," बाई म्हणायच्या, आणि दोन्ही चालू ठेवायच्या.

गावच्या मुंबईकर मंडळाने डझनभर लॅपटॉप पाठवले तेव्हा मात्र बाई पहिल्यांदाच खूश झाल्या. ती क्रोमबुकं होती, कुठल्याशा मुंबईच्या कार्यालयात वापरून झालेली, पण धडधाकट. जुन्या संगणकांसारखं त्यांचं नखरेल काम नव्हतं. झाकण उघडलं की दहा सेकंदांत तयार. आत सगळं ब्राउझरमध्ये चालतं. मुलाने आपल्या खात्याने आत जायचं, लिहायचं, आणि लिहिलेलं आपोआप इंटरनेटवरच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसायचं. एक लॅपटॉप बिघडला तर दुसऱ्यावर खातं उघडलं की काम तिथे हजर. व्हायरस नाही, कटकट नाही. बाईंनी दत्तारामना सांगितलं होतं, "आयुष्यात पयल्यांदा यंत्राने माका त्रास दिल्यान नाय."

हे सुख मे महिन्यापर्यंत टिकलं. मे महिन्यात सुशांत आला.

सुशांत त्याच शाळेचा विद्यार्थी. बाईंनी त्याला दहावीपर्यंत मराठी शिकवलेलं. आता मुंबईत सॉफ्टवेअर कंपनीत. सुट्टीला आला की शाळेत येऊन बाईंच्या पाया पडणारा, खरोखर चांगला मुलगा. यंदा त्याने कक्षाची किल्ली मागून घेतली. "बाई, मुलांना कोडिंग शिकायला काहीतरी करून देतो." बाईंना भरून आलं. दोन दिवस तो आत होता. घरून त्याला बाईंनी घावणे आणि चहा पाठवला. तिसऱ्या दिवशी तो हात झाडत बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, सगळी मशीन मोकळी करून टाकलीत."

"मोकळी म्हणजे?"

"डेव्हलपर मोडमध्ये टाकली. म्हणजे कसं, ही क्रोमबुकं चालू होताना दर वेळी स्वतःलाच तपासतात. कंपनीने दिलेली सिस्टीम जशीच्या तशी आहे ना, कुणी हात तर लावला नाही ना, ते बघतात. त्यामुळे ती सुरक्षित असतात, पण बाहेरचं काही घालू देत नाहीत. मी ती तपासणी बंद केली. आता आत लिनक्स ही वेगळी सिस्टीम टाकलीय. मुलांना पाहिजे ते शिकता येईल."

"ह्या असा कोणालाही करूक येता?"

"सगळीकडे नाही. शाळेने मशीन आपल्या नावावर नोंदवून कुलूप लावलं असेल तर हे दार उघडतच नाही. आपली तशी नोंदवलेली नाहीत, म्हणून जमलं. फक्त एक लक्षात ठेवा. चालू करताना आता एक पांढरा पडदा येईल. घाबरायचं नाही. कंट्रोल आणि डी एकदम दाबायचं, पुढे जायचं. स्पेसबार तेवढा दाबायचा नाही."

"दाबला तर?"

"तर ते परत पहिल्यासारखं होईल आणि आतलं सगळं पुसलं जाईल. पण तुम्ही दाबूच नका ना."

तो त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने गेला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच तासाला बाईंना कळलं की चांगल्या मुलाने आपल्यासाठी काय वाढून ठेवलंय. डझनभर झाकणं उघडली. डझनभर पांढरे पडदे. प्रत्येकावर लाल उद्गारचिन्ह आणि खाली इंग्रजीत: ओएस व्हेरिफिकेशन इज ऑफ, प्रेस स्पेस टू री-एनेबल. मुलं वाचेपर्यंत, एकमेकांकडे बघेपर्यंत अर्धं मिनिट गेलं आणि एक लॅपटॉप बीप बीप करून ओरडला. मग शेजारचा. मग पलीकडचा. पावसात बेडकांनी ताल धरावा तसा वर्ग ओरडू लागला. शेजारच्या वर्गातून गणिताचे शिक्षक डोकावले, "यूपीएस गेला काय बाई?"

मग पुढचे महिने हे रोजचंच झालं. कंट्रोल-डी दाबलं की पडदा जायचा. पण पाचवीतल्या मुलांची बोटं दोन कळांवर एकदम पडत नसत. नुसता डी दाबून ती वाट बघत बसायची. काहीच दाबलं नाही तरी तो बीप होऊन स्वतःच पुढे जायचा, पण तेवढा धीर कुणाला? बाईंनी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, प्रत्येकावर मार्करने ठळक लिहिलं, 'मोठी पट्टी दाबू नये', आणि प्रत्येक लॅपटॉपच्या कडेला चिकटपट्टीने चिकटवले. कोकणच्या दमट हवेत ते आठवड्याने गळून पडायचे. बाई परत चिकटवायच्या. पुठ्ठा चिकटवता चिकटवता मुंबईच्या दिशेने जे काही बोलायच्या ते मुलांना ऐकू येणार नाही अशा आवाजात.

दोनदा तर अपघात झालाच. एकदा सातवीतल्या मुलाने पट्टी दाबली, तेव्हा पुढच्या पडद्यावर 'एस्केप' दाबून मागे फिरता येतं हे बाईंनी वाचलं आणि वाचवलं. दुसऱ्यांदा वाचवता आलं नाही. लॅपटॉप नवाकोरा होऊन भाषा विचारत बसला. नशिबाने आत काही नव्हतं. त्यावर नंतर सुशांतने फोनवरून सांगून बाईंकडूनच तो मोड पुन्हा चालू करवून घेतला. त्या दिवशी बाई घरी येऊन दत्तारामना म्हणाल्या, "लोकांची पोरां गावाक येतत, आंबे खातत आणि जातत. आमचोच तेवढो उपकार करूक येता."

याच लॅपटॉपांपैकी एकावर तन्वीचं काम होतं.

तन्वी नववीतली. खाडीकाठच्या वाडीत राहणारी, कमी बोलणारी, पण एकदा हातात घेतलं की सोडत नाही अशी. तिच्या वाडीतल्या विहिरींचं पाणी दर वर्षी फेब्रुवारीनंतर मचूळ व्हायला लागतं. कुठली विहीर आधी, कुठली नंतर, हे तिला शोधायचं होतं. प्रयोगशाळेतला, पाण्यातले क्षार मोजणारा, पेनासारखा दिसणारा मीटर घेऊन ती गेल्या फेब्रुवारीपासून दर रविवारी वाडीतल्या विहिरी फिरायची. कळशी सोडायची, मीटर बुडवायचा, आकडा मोबाईलवर टिपायचा, सोमवारी शाळेत लॅपटॉपवर टाकायचा आणि मोबाईलमधून पुसायचा, कारण तो आईचा जुना मोबाईल होता आणि त्यात जागा नसायची. मेच्या सुट्टीत सुशांतने मोड बदलताना यंत्रं पुसली गेली; तिचे पहिले आकडे वाचले ते ड्राइव्हवर होते म्हणूनच. मग सुशांतने तिला फोनवरून लिनक्समध्ये तक्ते आणि आलेख काढायला शिकवलं, आणि तिने सगळं तिथे हलवून दोन ठिकाणी घोळ नको म्हणून ड्राइव्हवरचं काढून टाकलं. तिथे ते काम सुंदर व्हायचं. प्रत्येक विहिरीची एक रेघ, पावसात खाली, उन्हाळ्यात वर. बाईंनी तो आलेख बघितला तेव्हा त्या पहिल्यांदा सुशांतबद्दल बरं बोलल्या होत्या.

"ड्राइव्हवर टाकलंस काय?" बाई दर आठवड्याला विचारायच्या.

"रेंज नाय होती बाई. उद्या टाकतंय."

डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मुख्याध्यापक सुदेश राणे सर लॅपटॉप बघायला कक्षात आले.

राणे सर वर्षापूर्वीच बदलून आलेले. कामाला चोख, वेळेवर येणारे, पण त्यांचा सगळा जीव एका शब्दात अडकलेला होता: पडताळणी. आधारची पडताळणी, शिष्यवृत्तीच्या अर्जांची पडताळणी, पोषण आहाराच्या तांदळाची पडताळणी. वरून फोन आला तरी पडताळणीचा, आणि स्वप्न पडलं तरी बहुधा त्याचंच. बाई त्या वेळी सहावीला इतिहास शिकवत होत्या. सरांनी किल्ली मागून घेतली, तन्वीला वर्गातून बोलावलं आणि म्हणाले, "दाखव बघू तुझा प्रकल्प."

तन्वीने झाकण उघडलं. पांढरा पडदा आला. सरांनी चष्मा वर केला आणि वाचलं.

"ओएस व्हेरिफिकेशन इज ऑफ? म्हणजे पडताळणी बंद?"

"सर, तसाच असता," तन्वी म्हणाली. "आम्ही कंट्रोल..."

"तसंच असतं म्हणजे? शाळेच्या मशीनची पडताळणी बंद आणि कुणी मला सांगितलं नाही? उद्या कुणी वरून आलं तर? इथं तर लिहिलंय, स्पेस दाबा."

"सर, बाईंनी सांगितलंय मोठी पट्टी..."

पुठ्ठ्याचा तुकडा त्या दिवशी त्या लॅपटॉपवर नव्हता. गळून पडला होता. सरांनी स्पेस दाबली. पडद्यावर नवा मजकूर आला, की एंटर दाबलंत तर पडताळणी चालू होईल, यंत्र पुन्हा सुरू होईल आणि त्यातली माहिती पुसली जाईल. सरांनी पहिली ओळ वाचली, समाधानाने मान हलवली आणि एंटर दाबलं.

बाई तास संपवून आल्या तेव्हा तन्वी बाकावर बसली होती, हात मांडीवर, आणि समोर लॅपटॉप विचारत होता की आपणांस कोणती भाषा हवी आहे. सर उभे होते, प्रसन्न.

"बाई, एक त्रुटी होती, ती मी दूर केली. पडताळणी चालू झाली."

बाईंनी पडद्याकडे बघितलं. मग तन्वीकडे. "आतला काम?"

तन्वीने मान हलवली. रडली नाही. ते बाईंना जास्त लागलं.

"सर," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, "दुसरी ओळ वाचलीत?"

"कुठली दुसरी ओळ?"

"माहिती पुसली जाईल म्हणून लिहिलेली."

सर म्हणाले, "पण पडद्यावरच सांगितलं होतं ना बाई, स्पेस दाबा म्हणून. मी काय मनानं दाबली?"

बाईंनी गळून पडलेला पुठ्ठा बाकाखालून उचलला. तेच तर होतं ना. यंत्र सांगतं दाबा, पुठ्ठा सांगतो दाबू नका, पुठ्ठा गळून पडतो, यंत्र गळून पडत नाही.

मधल्या सुट्टीत त्यांनी शाळेच्या मागच्या फणसाखाली जाऊन सुशांतला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. बाईंनी परत लावला. तिसऱ्यांदा त्याने घेतला.

"सुशांत, पुसलेला परत मिळात काय रे?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "नाही बाई. आतला सगळा डेटा कुलूपबंद असतो, आणि पुसताना किल्लीच जाते. आता कुणालाच तो वाचता येणार नाही. ते तसंच बनवलंय. मशीन चोरीला गेलं तर कुणाला काही मिळू नये म्हणून." वर त्याने भर घातली, "पण मी सांगितलं होतं ना, स्पेस दाबू नका."

मग बाईंचा बांध फुटला. सात महिने साठलेलं होतं.

"सांगितलंस रे, माका सांगितलंस! माका एकटीक! हय दोनशे पोरां आसत. कळफलकावरची सगळ्यात मोठी कळ ती, आणि पडदो सांगता दाब. मी पुठ्ठो लावतंय दाबू नको. पोरान कोणाचा आयकूचा? तुझ्या घरात तुझो एक लॅपटॉप असता, तू एकटो वापरतंस, तुका ठाऊक आसा. थय ह्या शोभता. शाळेत खंयचोय लॅपटॉप खंयचोय पोर उघडता. दर सकाळी मी त्या बेडकांचो आवाज आयकतंय. मोकळी केलंस म्हणे! कोणाक मोकळी केलंस? माका तर बांधून घातलंस!"

पलीकडून सुशांत म्हणाला, "बाई, मग काय करूया?"

"परत बंद कर."

"मी तिथे नाही ना."

"मी आसंय," बाई म्हणाल्या. "माका सांग फक्त."

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर बाई कक्षात बसल्या. सर स्वतःहून मदतीला आले. त्यांचा चेहरा पडलेला होता, आणि बाईंनीही त्यांना काही बोलून दाखवलं नाही. बाईंनी आधी एक नियम केला: पहिल्यांदा पेनड्राइव्ह, मग स्पेस. एकेका लॅपटॉपवर कंट्रोल-डी दाबून आत जायचं, मुलांनी लिनक्समध्ये ठेवलेलं जे असेल ते पेनड्राइव्हवर घ्यायचं, दोघांनी उघडून बघायचं, आणि मगच यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. पांढरा पडदा. स्पेस. दोन्ही ओळी मोठ्याने वाचायच्या. एंटर.

"माहिती पुसली जाईल," सर वाचायचे.

"पुसू दे," बाई म्हणायच्या.

काही मिनिटं यंत्र स्वतःशी काहीबाही करायचं, मग भाषा विचारायचं. मराठी. वायफाय. बंद करून पुन्हा चालू केलं की पांढरा पडदा नाही, उद्गारचिन्ह नाही, आवाज नाही. सरळ खातं. एकामागून एक लॅपटॉप मुकाट होत गेला आणि बाईंना वाटलं, चला, हेही संपलं.

ते संपायचं नव्हतं. कोपऱ्यातल्या एका लॅपटॉपने एंटर दाबल्यावर भाषा विचारली नाही. त्यावर आलं, की क्रोम ओएस सापडत नाही किंवा खराब झाली आहे.

"आता ह्येका काय झाला?" बाई ओरडल्या. सर दोन पावलं मागे सरकले, "बाई, मी काही केलं नाही हां."

बाईंनी सुशांतला फोन लावला; ऐकता ऐकता त्याचा आवाज बारीक झाला. "बाई, त्या एकावर मी मूळ सिस्टीममध्येच थोडा हात घातला होता. प्रयोग म्हणून. तपासणी बंद होती तोवर चालत होतं. आता तपासणी चालू झाली, आणि तिला कळलं की सिस्टीम मूळची नाही. म्हणून ती चालू करत नाही."

"म्हणजे ते यंत्र शहाणा आसा."

"हो."

"तुझ्यापेक्षा."

"हो बाई. पण दुरुस्त होतं. रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवायचा. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये त्यासाठीचं एक साधन मिळतं. त्यात या लॅपटॉपचं मॉडेल सांगायचं, ते मूळ सिस्टीम उतरवून पेनड्राइव्हवर ठेवतं. हा पडदा दिसत असताना तो लावला की झालं. मोठी फाइल असते, नेट चांगलं पाहिजे."

शाळेचं नेट म्हणजे बोलायलाच नको. बाई लॅपटॉप पिशवीत घालून रिक्षाने कट्ट्याला गेल्या, लवूच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे फायबरचं वेगवान नेट आहे. शनिवारचा बाजार उठत आलेला. लवूने एका दाखल्याची प्रत काढता काढता त्यांना संगणक मोकळा करून दिला. बाईंनी साधन शोधलं, लॅपटॉपच्या पोटाखालचं मॉडेल वाचून टाकलं, पर्समधून पेनड्राइव्ह काढून लावला. पडद्यावर सूचना आली: या पेनड्राइव्हवरील सर्व माहिती पुसली जाईल. पुढे जायचं?

बाईंचं बोट माउसवर होतं. आणि मग त्यांना जाणवलं की हा तोच पेनड्राइव्ह, ज्यावर दुपारभर मुलांच्या फाइली भरल्या होत्या.

त्यांनी हात असा काढला की जणू चुलीवरचं भांडं लागलं. "अरे द्येवा!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की लवू झेरॉक्स टाकून धावत आला.

"काय झाला बाई?"

"काय होऊक नाय," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या. "हेच बरा झाला. तुझ्याकडे नवो पेनड्राइव्ह आसा?"

होता. तो लावला. फाइल उतरायला अर्धा-पाऊण तास गेला. लवूने चहा मागवला. बाई पडद्यावरच्या हळूहळू सरकणाऱ्या निळ्या पट्टीकडे बघत बसल्या आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. मनातून राणे सरांवर राग धरला होता, आणि आत्ता एका बोटाने तेच होणार होतं. तिथेच दुकानात त्यांनी तो नवा पेनड्राइव्ह 'खराब' झालेल्या लॅपटॉपला लावला. त्याने तो ओळखला, काही वेळ घेतला, पेनड्राइव्ह काढायला सांगितलं, बंद होऊन चालू झाला आणि शहाण्या मुलासारखा भाषा विचारू लागला.

विहिरींचे आकडे मात्र गेले ते गेलेच. सात रंगांच्या सात रेघा, पाऊस आणि उन्हाळा, कुठूनही परत येणाऱ्या नव्हत्या.

रविवारी सकाळी बाई तन्वीच्या वाडीत गेल्या. न सांगता. तन्वी अंगणात भांडी घासत होती. बाईंना बघून उठली.

"मीटर खंय आसा?" बाईंनी विचारलं.

"घरात. पण बाई, आता काय उपेग? एकाच दिवसाचे आकडे..."

"एका दिवसाचे तर एका दिवसाचे. चल."

दोघी सगळ्या विहिरी फिरल्या. एका विहिरीचा रहाट गंजलेला, एकीवर नवी मोटर बसवलेली, एक पार खाडीच्या बांधाला लागून, जिच्या काठावर भरतीच्या वेळी चिखलाचा वास येतो. बाईंनी कळशी सोडली, तन्वीने मीटर बुडवला. बांधाजवळच्या विहिरीला डिसेंबरातच आकडा चढलेला दिसला.

"गेल्या पौषात हेच्यापेक्षा कमी असतलो काय?" बाई म्हणाल्या.

"मी यंदाच्या फेब्रुवारीपासून घेतलेलो," तन्वी म्हणाली, आणि आकडे पुसले गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "पण माका याद आसा बाई. मार्चात जेवढो होतो तेवढो हो आता. आताच. डिसेंबरात."

"तर ताच सांग थय."

"पुरावो नाय."

"पुरावो नाय म्हणून पण सांग. कित्याक नाय, ता पण सांग."

प्रदर्शनात तन्वीने तेच केलं. एका कागदावर वाडीचा नकाशा, त्यावर विहिरी, प्रत्येकीशेजारी एक आकडा. परीक्षक मालवणच्या कॉलेजातले होते. त्यांनी विचारलं, "एकच नोंद? वर्षभराची नाही?"

"होती सर," तन्वी म्हणाली, "ती लॅपटॉपवर होती. पुसली गेली. चूक माझीच, मी दुसरीकडे ठेवली नव्हती." मग तिने लॅपटॉपवर नेमकं काय झालं ते सांगितलं, आणि ते सांगतानाही तिने ना सरांचं नाव घेतलं ना सुशांतचं. बाई मागे उभ्या होत्या. त्यांना पुढे होऊन सांगावंसं वाटलं की चूक हिची नव्हे, तिघा मोठ्या माणसांची होती, त्यात मी एक. पण तन्वी बोलत होती, आणि तिला मधे तोडणं त्यांना बरं वाटलं नाही.

बक्षीस मिळालं नाही. सौर कुकरवाल्यांना मिळालं. परीक्षकांनी जाताना तन्वीचा नंबर घेतला आणि म्हणाले, पुढच्या डिसेंबरात परत भेट, वर्षभराच्या नोंदींसह.

त्या रात्री सुशांतचा फोन आला. बाई जेवण आटोपून ओटीवर बसल्या होत्या.

"बाई, एक सांगायचं होतं. रागावू नका." पण त्याच्या आवाजावरूनच कळत होतं की रागावण्यासारखं आहे. "मी नीट बघितलं. त्या मॉडेलमध्ये लिनक्स आता सेटिंग्जमध्येच मिळतं. एक बटण चालू करायचं. डेव्हलपर मोड लागतच नाही. पडताळणी चालू ठेवूनही ते चालतं. मी आपला कॉलेजात शिकलो होतो त्या जुन्या वाटेने गेलो. बघितलंच नाही."

बाईंनी फोन कानापासून लांब धरला. दत्ताराम शेजारी सुपारी कातरत होते, त्यांनी मान वर करून बघितलं.

"बाई? आहात ना?"

"आसंय," बाई म्हणाल्या. "म्हणजे हे बेडूक, हे पुठ्ठे, ती पोर, ह्या सगळा, कायच नको होता."

"नको होतं."

"आणि त्या बटणाच्या लिनक्समधला काम? ता खंय ऱ्हवता? यंत्रातच?"

"यंत्रातच, बाई. त्याचा बॅकअप घ्यावा लागतो."

"मग आयक," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज वर्गातला होता. "दर शनिवारी तू पोरांचो तास घे व्हिडिओवर. लिनक्स शिकव, काय शिकवतलंस ता शिकव. पण पयली पंधरा मिनिटां बॅकअपची. आणि गावाक येतलंस तेव्हा किल्ली मागू नको. मी देवचंय नाय."

"हो बाई."

फोन ठेवल्यावर दत्ताराम म्हणाले, "पोरगो चांगलो आसा."

"चांगलो आसा म्हणानच तर तरास!" बाई म्हणाल्या. "वाईट असतो तर दारातसूनच हाकललो असतो."

त्या उठल्या, भांडी आवरायला आत गेल्या, आणि आतूनही बराच वेळ त्यांचं काहीतरी चालू होतं, थोडं रागाचं, थोडं स्वतःशीच. सोमवारी पहिला तास पाचवीचा होता. मुलांनी झाकणं उघडली आणि खात्यांची पानं सरळ समोर आली. एका मुलीने सवयीने कंट्रोल-डी दाबलं आणि काही झालं नाही म्हणून बाईंकडे बघितलं.

"काय नाय आता तसा," बाई म्हणाल्या. "पुस्तक उघड. धडा तिसरा."